भांगातली रेघ

"मामी, तुमचे केस फार गळतायत का हो?"

पिंकीनं फोटो पाठवला आणि खाली हे लिहिलं. रथसप्तमीच्या हळदीकुंकवातला फोटो. मी वाकून वाण मांडतेय आणि कुणीतरी उभं राहून वरून काढलाय. चेहरा दिसतच नाही, दिसतोय तो फक्त माझा भांग, बोटभर रुंद.

केस गळत नाहीयेत. मी लगेच टाइप केलं, "नाही गं, मुळं आलीत," आणि मग पुसून टाकलं. नुसता हसरा चेहरा पाठवला. तेव्हापासून आत काहीतरी सलतंय.

रंगवल्याला तीन आठवडे होतात न होतात तोच भांगाच्या दोन्ही बाजूंनी सेंटिमीटरभर पांढरं वर येतं. डोक्याची कातडी चेहऱ्यापेक्षा उजळच असते. काळ्याभोर केसांत ती कातडी आणि दोन्हीकडची पांढरी मुळं लांबून एकच दिसतात, टक्कल पडल्यासारखी. गोऱ्या बाईला हे एवढं जाणवत नसेल. मी सावळी. माझ्या कपाळावर ती रेघ खडूनं ओढल्यासारखी उठून दिसते. पांढरे केस लपवायला म्हणून रंगवायचे आणि त्याच रंगामुळं लोकांना टकलाचा संशय यावा!

पांढऱ्या केसांचं मला खरंच वाईट वाटतं का, हे कालपासून स्वतःला विचारतेय. आईचे पूर्ण पांढरे होते, आणि शेवटी शेवटी मीच तिची वेणी घालायचे... ते राहू दे. वाईट वाटतं ते पकडलं गेल्याचं. पिंकीच्या प्रश्नात कीव होती. "म्हातारी झालात" म्हणाली असती तर मी हसले असते.

आज पार्लरमध्ये विचारून आले. म्हटलं, काळा नको, तपकिरी लाव, म्हणजे रेघ एवढी बोचणार नाही. पोरगी हुशार आहे. म्हणाली, "काकू, रंगावर रंग चढवून केस उजळत नाहीत. मुळं तपकिरी होतील, खालचे काळेच राहतील. काळं काढायचं तर ब्लीच करावं लागेल, आणि तुमचे केस ते सोसायचे नाहीत." मग मला आरशासमोर बसवून तिनं सगळे केस मागं घेतले. माझ्या वयाला आणि रंगाला ठार काळा का जात नाही, ते तेव्हा दिसलं. त्या कुळकुळीत काळ्याखाली डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळं आणि गालांवरचे डाग दुप्पट गडद वाटतात. कानशिलांपाशी मात्र रंग आधी उतरतो, कारण तिथले केस राठ झालेत आणि त्यांच्यात तो नीट मुरतच नाही. तिथं जे पांढरं होतं, त्यानं चेहरा उलट मोकळा वाटत होता. हे मला बघायचं नव्हतं, पण दिसलं.

दुसरी गोष्ट कानामागची खाज. गेल्या काही वेळांपासून रंग लावला की दोन दिवस खाजतं. वन्संचं तर एकदा पापण्या सुजून डोळे बंद झाले होते. त्यांच्या त्वचेच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, की काळ्या रंगात पीपीडी नावाचं द्रव्य असतं, त्याची ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्माची, आणि पुढच्या वेळी जास्त जोरात येते. अमोनिया नसलेला रंग घेतला म्हणून सुटका नाही, पीपीडी त्यातही असू शकतं. 'काळी मेंदी' म्हणून मिळते तिच्यातही बऱ्याचदा तेच असतं. रंगवण्याआधी कानामागं किंवा कोपराच्या आत थेंबभर लावून ४८ तास थांबायचं असतं. इतकी वर्षं कुणी थांबलं? आणि आता खाज सुटतेच आहे, तर परीक्षा घेण्यासारखं राहिलंय काय.

मग उरली साधी मेंदी. नुसती लावली तर पांढरे केस केशरी होतात, आणि माझ्या सावळ्या चेहऱ्यावर ते केशरी मला बघवत नाही. वर निळीच्या पानांची पूड लावली की तपकिरी-काळा येतो. पण आधी मेंदी दोन-तीन तास ठेवून धुवायची, मग नीळ तासभर. म्हणजे महिन्याचा एक रविवार न्हाणीघरात जायचा. आणि केस वाढायचे थांबत नाहीत, रेघ येणारच. माझं भांडण तर रेघेशी.

संध्याकाळी पट्टी घेऊन बसले. (हे बघत होते. विचारलं नाही, बरं झालं.) भांगापासून टोकापर्यंत पंचेचाळीस सेंटिमीटर. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे सगळा काळा जायला तीन वर्षं! तीन वर्षं अर्धी काळी अर्धी पांढरी फिरायचं, सांगलीसारख्या गावात, जिथं मारुती रोडवर भाजी घ्यायला गेलं तरी चार ओळखीचे भेटतात. रडूच आलं. खांद्यापर्यंत कापले तर पंचवीस सेंटिमीटर उरतील, म्हणजे वीस महिने. हनुवटीपर्यंत कापले तर सव्वा वर्षाच्या आत आटपेल. पण हनुवटीपर्यंत माझ्यानं होणार नाही. वेणी नाही तर नाही, मागं चिमूटभर तरी बांधता आले पाहिजेत.

एक युक्ती त्या पोरीनं सांगितली, ती घरी येऊन करून पाहिली. मनूच्या डबीतली तपकिरी आयशॅडो, चमक नसलेली, सपाट ब्रशवर घेऊन भांगाला थोपटायची. केस कोरडे हवेत, तेल असेल तर गोळे होतात. आधी भांग सरळ न पाडता कंगव्याच्या टोकानं नागमोडी पाडायचा. दोन मिनिटांत रेघ गेली. पूर्ण गेली नाही, पण वरून फोटो काढला तर कुणी गळतीची चौकशी करणार नाही. घामानं ओघळते, धुतलं की जाते, पण खाजत नाही. एवढ्या सोप्या गोष्टीसाठी मी दर महिन्याला मानेला टॉवेल गुंडाळून पाऊण तास बसत होते.

पांढरे ठेवले तरी काम संपत नाही म्हणे. आमच्याकडं नळाचं पाणी गेलं की बोअरचं येतं, जड. त्यानं आणि उन्हानं पांढरे केस पिवळट पडतात, रंगीत तेलानं तर आणखीच. तेव्हा आवळ्याचं हिरवं तेल बंद, साधं खोबरेल, तेही बेतानं, आणि पिवळेपणा दिसायला लागला की अधूनमधून जांभळा शाम्पू. हळदीच्या गावात राहून डोक्यावरचा पिवळा घालवायला जांभळा विकत घ्यायचा! बदामी रंगाची साडीही आता देऊन टाकावी लागेल. आज केस मागं घेऊन ती खांद्यावर धरली तर तोंड मातकट दिसलं. मोरपंखी आणि डाळिंबी मात्र छान दिसल्या, काळ्या केसांत दिसायच्या त्याहून छान.

मे महिन्यात पिंकीचं लग्न. तोवर पाच सेंटिमीटर पांढरं वर आलेलं असेल. त्याला आयशॅडो पुरायची नाही, ती मुळांपुरतीच. वन्सं म्हणतील, लग्नात तरी... आणि पुढचं वाक्य अर्धवट सोडतील, त्यांची सवयच आहे. सोडू देत. केस मागं ओढून अंबाडा आणि त्यावर भरगच्च गजरा, एवढंच ठरवलंय. पुढचं दिसेल ते दिसेल.

गुरुवारी चार वाजता कापायला जाणार आहे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी मात्र मघाशी सांगितलं, येताना त्यांच्या मिशीच्या रंगाची बाटली घेऊन ये, संपलीय.