१४०० की १४७०? शॉपिंग जाहिरातींसाठी फीड लावताना आलेला अनुभव

सोलापुरातील आमच्या इरकली साड्यांच्या दुकानाचे संकेतस्थळ सुरू झाल्यावर, शोधनिकालांत फोटो आणि किंमत दाखवणाऱ्या शॉपिंग जाहिरातींत आमच्या साड्या याव्यात म्हणून मी गूगल मर्चंट सेंटरमध्ये खाते उघडले. संकेतस्थळाची मालकी पडताळणे, जाहिरात खाते जोडणे आणि ४२ साड्यांचे फीड, म्हणजे त्यांच्या माहितीची यादी, गूगल शीटमध्ये भरणे ही कामे दोन दिवसांत उरकली. हातमागाच्या साडीवर बारकोड क्रमांक नसतो, त्यामुळे `identifier_exists` या रकान्यात `no` लिहावे लागते, एवढेच तिथे नव्याने कळले.

खरा खोळंबा त्यानंतर झाला. सगळ्याच्या सगळ्या साड्या नामंजूर झाल्या आणि कारण एकच होते: फीडमधील किंमत पानावरील किंमतीशी जुळत नाही. मी एकेक पान उघडून पाहिले. फीडमध्ये `1470.00 INR` होते आणि पानावरही ठळक अक्षरांत १,४७० रुपयेच होते. तरीही मी शीट पुन्हा भरली, पुन्हा चढवली आणि दर वेळी तेच उत्तर वाचून अक्षरशः रडकुंडीला आले. यात नऊ दिवस गेले.

शेवटी मी पानावर Ctrl+U दाबून मूळ कोड उघडला आणि त्यात `price` हा शब्द शोधला, तेव्हा हे दिसले:

```
"offers": {
  "@type": "Offer",
  "price": "1400.00",
  "priceCurrency": "INR"
}
```

ग्राहकाला दिसणारी किंमत ५ टक्के जीएसटी धरून १,४७० होती. परंतु यंत्रासाठी लिहिलेल्या या मजकुरात आमचे टेम्पलेट कराआधीची किंमत भरत होते. तपासणी करणारा क्रॉलर, म्हणजे पाने आपोआप वाचणारा गूगलचा प्रोग्रॅम, हाच मजकूर वाचतो. भारतात फीडमधील किंमत जीएसटीसह द्यावी लागते, म्हणजे शीट पहिल्यापासून बरोबर होती आणि मी मात्र नऊ दिवस तीच दुरुस्त करत बसले होते.

या टप्प्यावर एका परिचिताने किंमत आपोआप अद्ययावत करण्याची सोय चालू करण्याचा सल्ला दिला. तो मी मानला नाही, कारण ती सोय हाच मजकूर वाचून जाहिरातीत १,४०० दाखवू शकली असती आणि साडीच्या पानावर आलेल्या ग्राहकाला ७० रुपये जास्त दिसले असते. संकेतस्थळ बांधणाऱ्याकडून टेम्पलेटमधील ती एक ओळ बदलून घेतली, साइटची कॅशे रिकामी केली, कोडमध्ये `1470.00` आल्याची दोन पानांवर खात्री केली आणि मगच पुनर्तपासणी मागितली.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: दुरुस्ती करताना फीडमधील साडीचा ओळख क्रमांक, म्हणजे `id`, बदलू नये, कारण नवा `id` म्हणजे नवे उत्पादन धरले जाते आणि त्याचा आधीचा इतिहास तुटतो. माझ्या तीन साड्यांचे तसे झाले. उरलेल्या ३९ साड्या चौथ्या दिवशी मंजूर झाल्या.