निळा रंग टिकवायचा म्हणून

उन्हाळा लागला की आमचं संध्याकाळचं दूध केंद्रावर अडायचं. फॅट, एसएनएफ चांगलं असूनही. दूध उकळून फाटायचं नाही, पण एमबीआरटीत नापास व्हायचं. या चाचणीत १० मिली दुधात १ मिली मिथिलीन ब्लू टाकून नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवतात. जंतू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर उडतो. पाच तास टिकला तर दूध उत्तम. आमचं तासाभरात पांढरं पडायचं.

केंद्रावरच्या दादांनी दोन वेगवेगळे नमुने आणायला सांगितले: एक धार काढल्या काढल्या बादलीतून, दुसरा कॅनमधून. बादलीतला नमुना बराच टिकला, कॅनमधला पटकन गेला. म्हणजे बिघाड बहुतेक गोठ्याच्या पुढे होता. कॅनच्या झाकणाची रबरी रिंग काढली तेव्हा खाचेत पिवळट, आंबूस वासाचा थर बोटाला लागला. कॅन रोज घासला जायचा, पण रिंग कोणी काढतच नव्हतं.

आता दूध ओतलं की आधी गार पाण्याने विसळतो, कारण पहिलंच पाणी गरम असेल तर दुधातली प्रथिनं भांड्याला चिकटून बसतात. मग धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी, ब्रश, पुन्हा स्वच्छ पाणी, आणि रिंग वेगळी काढून कॅन मांडणीवर पालथा. ओला कॅन झाकण लावून ठेवायचा नाही, हे तर घरात सगळ्यांना पाठ झालंय. आमची भांडी स्टीलची आहेत. ॲल्युमिनियमला सोडा चालत नाही.

गोठ्यातही एक गोष्ट बदलली. पूर्वी कासेवर तांब्याभर पाणी ओतलं जायचं आणि ते मळकं पाणी निथळत बादलीत यायचं. आता फक्त सड धुतो आणि प्रत्येक गाईला वेगळ्या कोरड्या फडक्याने पुसतो. पहिल्या दोन-चार धारा काळ्या कपात घेतो. गुठळ्या दिसल्या तर त्या गाईचं दूध वेगळं. शेवटी सड आयोडीनमध्ये बुडवतो आणि लगेच वैरण टाकतो, म्हणजे सडाची छिद्रं मिटेपर्यंत गाय बसत नाही.

राहिला प्रश्न गाडी येईपर्यंतच्या वेळेचा. कॅन हौदात उभा करतो, दुधाच्या पातळीपेक्षा पाणी वर राहील असा, आणि स्टीलच्या दांड्याने दूध अधूनमधून ढवळतो. न ढवळलेल्या कॅनमध्ये मधलं दूध बराच वेळ कोमट राहतं. हौदात बर्फाच्या बाटल्या सोडल्या तर फरक आणखी पडतो. पण विहिरीच्या पाण्याने दूध त्या पाण्याइतकंच गार होणार. ४ अंश फक्त बल्क कूलरमध्येच मिळतात. म्हणून गाडीला उशीर असला की मी स्वतः मोटारसायकलवरून केंद्रावर कॅन पोचवतो.

गेल्या मे महिन्यात संध्याकाळच्या नमुन्याचा निळा रंग चार तास टिकला. पावसाळ्यात गोठ्यात चिखल होतो तेव्हा हा वेळ कमी होतो, त्यासाठी आता कोबा करायला घेतलाय.