काळ सोकावतो म्हणजे नेमके काय होते

«म्हणीचा अर्थ तर एका ओळीत सांगून होतो. मग निबंधात दोन पाने लिहायचे तरी काय?»

मी बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरी मुलांना मराठी शिकवते, आणि त्यांनी असे विचारले की एकच म्हण त्यांच्यापुढे ठेवते: म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. ही म्हण मुलांना हमखास चकवते. गेल्या वर्षी एका मुलीने पहिल्याच वाक्यात लिहिले की वृद्ध माणसे गेल्याचे समाजाला दुःख होत नाही, आणि पुढची दीड पाने वृद्धाश्रमांवर खर्च केली. भाषा चांगली होती, तळमळही खरी होती; पण तिने म्हणीचा पूर्वार्ध उचलला होता आणि सारा भार तर उत्तरार्धावर आहे.

म्हणूनच उलगड्याची सुरुवात मी अशा शब्दापासून करायला सांगते, ज्याच्या जागी दुसरा शब्द घातला तर म्हण ढासळते. इथे तो शब्द ‘सोकावणे’ आहे. ओट्यावरच्या दुधात एकदा तोंड घालून सहीसलामत निसटलेले मांजर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसते, तेव्हा आपण त्याला सोकावले म्हणतो. त्याला काहीतरी मिळालेले असते, कोणी हटकलेले नसते, आणि त्यामुळे त्याची भीड चेपलेली असते. ‘काळ येतो’ किंवा ‘काळ परततो’ म्हटले असते तर यातले काहीच उरले नसते. ‘दुःख नाही’ हे शब्दही कोरडेपणाचे नाहीत. झालेले नुकसान एका पारड्यात आणि त्यातून पडणारा पायंडा दुसऱ्या पारड्यात घालून, जड कोणते ते म्हण ‘पण’ या एका शब्दाने दाखवते.

बडोद्याच्या मुलांच्या हाताशी आणखी एक साधन असते, ते म्हणजे शेजारची भाषा. गुजरातीत हीच गोष्ट ‘डोशी मरे एनो वांधो नहीं, पण जम घर भाळी जाय’ अशी सांगतात. म्हातारी तीच आहे, पण तिथे यमाला घर दिसते, आपल्याकडे काळाला चटक लागते. गुजराती म्हणीतली भीती दार माहीत झाल्याची आहे, मराठीतली हाव वाढल्याची. मला मराठी रूप अधिक कठोर वाटते, कारण ओळखीचे दार बंद करता येते. लागलेली चटक सोडवणे अवघड. एवढ्या तुलनेतूनच निबंधाचा एक चांगला परिच्छेद उभा राहतो.

त्यानंतर उदाहरण एकच घ्यावे, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत घडलेले असावे. त्याच मुलीने दुसऱ्या खेपेला आपल्या वाड्यातल्या जिन्याखालच्या जागेबद्दल लिहिले. वरच्या मजल्यावरच्या काकांनी दिवाळीच्या साफसफाईत तेलाचे दोन रिकामे डबे तिथे ठेवले, ‘दोन दिवसांत उचलतो’ म्हणाले, आणि शेजारधर्म म्हणून कोणीच पुढे विषय काढला नाही. संक्रांतीपर्यंत तिथे जुनी सायकल आली, उन्हाळ्यात लोखंडी कपाट आले, आणि पावसाळ्यात त्या कपाटाला कुलूप लागले. दोन डब्यांनी कोणाचेही काही अडले नव्हते, ती म्हातारी. कुलूप हा सोकावलेला काळ. म्हणीतला प्रत्येक शब्द तिने प्रसंगातल्या एकेका वस्तूशी असा जुळवला, आणि निबंध उलगडला की नाही हे मी त्यावरूनच ओळखते. म्हण काढून तिच्या जागी ‘अति तेथे माती’ घातली आणि तरीही निबंध तसाच्या तसा चालला, तर लिहिणाऱ्याने म्हणीला हातच लावलेला नाही.

म्हण कुठे लागू पडत नाही तेही लिहावे, कारण ती चुकीच्या जागी वापरली की फार दुखावते. नोकरी गेलेल्या भाडेकरूचे एका महिन्याचे भाडे थकले आणि मालकाने हीच म्हण त्याच्या तोंडावर फेकली, तर तो अन्याय होतो. इथे काळ कोण, असा प्रश्न विचारून पाहावा. न हटकल्यामुळे धीट होऊन पुन्हा येणारा कोणी त्या प्रसंगात नसेल, तर तिथे ‘तुटेपर्यंत ताणू नये’ हेच लागू पडते.

तिच्या निबंधाचा शेवट मात्र मी तिला बदलायला लावला. तिने ‘म्हणून आपण सदैव सावध राहिले पाहिजे’ असे लिहिले होते. ते खोडून, बाबांनी त्या काकांना तिसऱ्या दिवशी काय म्हणायला हवे होते ते लिही, असे मी सुचवले. तिने लिहिले: ‘काका, दोन दिवस झाले. डबे मी वर आणून देऊ का?’