तीन टक्के

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

मीटिंग नीट झाली. तरी दिवसभर आतून काहीतरी टोचतंय, म्हणून लिहायला बसले.

काल संध्याकाळी सहाला साहेबांचा फोन. दादा वडिलांना घेऊन हॉस्पिटलमध्ये आहेत, उद्या साडेबाराची मीटिंग तू घे, त्यांनी केलेली पीपीटी मेलवर आहे. मी तेव्हा पिंपळगावहून निघाले होते, ओझरच्या पुढे पावसात अडकलेली. पहिला विचार दादांच्या वडिलांचा यायला हवा होता. तो आला नाही. आला तो हाच, की दर वेळी मीच का. घरी येईपर्यंत हेच चालू होतं, आणि त्याची लाज वाटायला जेवण होईपर्यंत वेळ लागला.

फाइल उघडली. `Season_Review_v7_final2.pptx`, तेवीस स्लाइड. युरोपातल्या खरेदीदाराला यंदाच्या सीझनचा हिशेब द्यायचा आणि पुढच्या सीझनचा माल पक्का करायचा, आणि हातात वीस मिनिटं. आधी एकही स्लाइड दुरुस्त केली नाही. फक्त शीर्षकं वहीत एकाखाली एक उतरवली आणि सलग वाचली. सहाव्यापर्यंत कंपनीचीच ओळख, आणि ही माणसं आठ वर्षं आपली द्राक्षं घेतायत. त्या सहाही बाजूला केल्या. पुढच्या बऱ्याच शीर्षकांत नुसतं ‘क्वालिटी’, ‘क्वालिटी २’ असं होतं. म्हणजे दादांना काय बोलायचं ते डोक्यात तयार होतं, कागदावर यायचं राहिलं होतं.

अकराव्या स्लाइडवर मात्र मोठ्या अक्षरात स्पष्ट लिहिलेलं: तक्रारी १५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर. खाली दोन खांबांचा आलेख. खरं तर सगळी मांडणी या एका वाक्यावर उभी. आलेखाचा डेटा उघडायला गेले तर जोडलेली एक्सेल सापडेना, ती दादांच्या लॅपटॉपवर. मग आमच्या क्लेमच्या रजिस्टरवरून मीच गणित मांडलं. यंदाच्या आदल्या सीझनला ४० कंटेनर गेले, त्यातल्या ६ वर क्लेम आला. म्हणजे १५ टक्के, बरोबर. यंदा ३० गेले आणि क्लेम ५ वर. हे जवळपास १७ टक्के होतात. मग ३ कुठून आले? अर्ध्या तासानं कळलं. ते यंदाच्या एकूण पेट्यांपैकी नाकारलेल्या पेट्या होत्या. एका खांबात कंटेनर मोजलेले, दुसऱ्यात पेट्या.

आदल्या वर्षाचाही पेट्यांचा आकडा काढून तुलना सरळ करावी म्हटलं, तर सहापैकी चारच कंटेनरचे सर्व्हे रिपोर्ट मिळाले. दोन अंदाजाने भरता आले असते. भरले नाहीत. समोरच्यांच्या टेबलावर त्यांचे स्वतःचे रिपोर्ट असणार.

दादांनी मुद्दाम केलेलं नाही, हे मला शंभरदा माहीत आहे. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या शीटमधून आकडे उचलले की असं होतं. माझ्याकडूनही झालं असतं. पण रात्री दहाला त्यांचा मेसेज आला: ‘३ टक्केवाली स्लाइड काढू नकोस, बाकी तुझ्या मनाने कर.’

आणि मी तोवर ती काढली होती.

फोन करावा का? आयसीयूच्या बाहेर बसलेल्या माणसाला विचारायचं, की दादा, तुमचा छेद चुकलाय? मी नुसतं ‘बाबा कसे आहेत’ एवढंच लिहिलं. हेच टोचतंय. स्लाइड काढल्याचं नाही, उत्तर न दिल्याचं. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती.

काढली म्हणजे फक्त एक स्लाइड काढून भागत नाही, हेही काल शिकले. तो ३ पहिल्या पानाखाली होता, सारांशात होता, स्लाइडखालच्या नोट्समध्येही दोनदा. फाइलमध्ये शोध घेऊन ते सगळे सापडले. शेवटचा मात्र शोधात आलाच नाही, कारण एकोणिसाव्या स्लाइडवर तोच आलेख चित्र म्हणून चिकटवलेला होता, आणि चित्रातली अक्षरं शोधात येत नाहीत. रात्री एकला पूर्ण स्क्रीनवर एकेक स्लाइड पाहताना दिसला. तसंच सादर केलं असतं तर?

आता जे ठेवलं त्याबद्दल. चौदावी स्लाइड अर्धवटच होती, शीर्षकही नाही. एका कंटेनरमधल्या पेटीत ठेवलेल्या लॉगरचा तापमानाचा आलेख आणि घडाच्या देठांचे चार फोटो. आलेख पाच अंशांवर सुरू होतो आणि शून्याजवळ यायला सहा दिवस घेतो. तो मी कितीतरी वेळ पाहत बसले. मधेच वीज गेली असती, बंदरावर कंटेनर प्लगविना राहिला असता, तर सपाट रेषेत एकदम उंचवटा आला असता. इथे रेषा सुरुवातीलाच वर आहे आणि हळूहळू उतरते. म्हणजे माल गाडीत भरतानाच गरम होता, आपलं प्री-कूलिंग कमी पडलं. कंटेनर थंड माल थंड ठेवतो, गरम माल थंड करणं त्याचं काम नाही. शिवाय तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या जहाजात द्राक्षांना जास्त दिवस काढावे लागतात, तेव्हा असे सहा दिवस देठांवर दिसतात. मणी टवटवीत आणि देठ तपकिरी.

दादांना हे सगळं कळलेलं होतं. नोट्समध्ये एकच ओळ: ‘मधल्या पेटीत प्रोब, पल्प १ च्या खाली आल्याशिवाय दार लावायचं नाही.’ पल्प म्हणजे मण्याच्या आतलं तापमान.

हे पहिल्या स्लाइडवर असायला हवं होतं. मी तेच केलं. ‘३० पैकी ५ कंटेनरवर क्लेम’ असं सरळ लिहिलं, लगेच मागे लॉगरचा आलेख, मग त्यांचीच ओळ जशीच्या तशी. फक्त ओळ लिहिण्याआधी पॅकहाउसच्या सुपरवायझरना विचारलं, की गर्दीच्या आठवड्यात हे जमेल का. ते म्हणाले, जमेल, पण एक गाडी रात्रभर थांबवावी लागेल. तेही लिहिलं. फोटो चारचा एकच ठेवला, देठ सगळ्यात स्पष्ट दिसणारा. एकूण नऊ स्लाइड झाल्या. बाकीच्या फेकल्या नाहीत, शेवटी लपवून ठेवल्या, आणि दादांची मूळ फाइल वेगळी जपली.

मीटिंगमध्ये तिकडच्या बाईंनी लॉगरच्या आलेखावरच दहा मिनिटं घेतली. ही तपासणी कुणी सुचवली, असं विचारलं. मी दादांचं नाव सांगितलं. मग जरा हलकं वाटलं, पण पूर्ण नाही.

आज संध्याकाळी एकदाचं त्यांना लिहिलं. दोन्ही गणितं, कंटेनरचं आणि पेट्यांचं, आणि ‘दादा, न विचारता काढली, तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता.’ निळ्या खुणा आल्या. बराच वेळ काही नाही. मी भांडी घासून आले, ओटा पुसला, पुन्हा फोन पाहिला.

‘बाबा आज थोडं बोलले. देठाचा फोटो ठेवलास ना?’

ती स्लाइड पाठवली.