कॅसेटमधल्या कीर्तनापासून सिनेमातल्या संवादांपर्यंत : आमची वाटचाल

नारायण पेठेत माझ्या सासऱ्यांचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. सीडी आल्यावर दुरुस्तीला येणारे टेप कमी होत गेले आणि लोक वेगळंच विचारायला लागले. 'आमच्या अण्णांच्या कीर्तनाची कॅसेट आहे, सीडीवर घालून द्याल का? आणि ती खरखर तेवढी काढा.' माझे धाकटे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, सोल्डरिंग गन हातात धरून मोठे झालेले. मी लग्नानंतर दुकानाचा हिशेब बघायला बसले आणि हळूहळू हेडफोन माझ्याकडे आला. आमची फर्म ती अशी सुरू झाली.

त्या कॅसेटींनी एक सवय लावली, ती आजही सुटलेली नाही. गिऱ्हाईक ज्याला खरखर म्हणतं ती कितीदा तरी टेपमध्ये नसायचीच. कॅसेट डॉल्बी बी, म्हणजे हिस, टेपची ती सळसळ, कमी करायची सोय, चालू ठेवून भरलेली असेल आणि वाजवताना ते बटण बंद असेल, तर वरच्या पट्टीतले आवाज चढे येतात आणि हिस अंगावर येतो. बटण दाबलं की निम्मं काम झालं. तसंच हेडचा कोन बिघडलेला असेल तर 'स' आणि 'श' बोथट होतात, मग कोणीतरी ट्रेबल वाढवतं आणि त्याबरोबर हिसही वाढतो. भाऊजी आधी स्क्रू ड्रायव्हर घेऊन कोन सरळ करायचे आणि मगच कॉम्प्युटर लावायचे. 2007 मध्ये आयझोटोप कंपनीचं आरएक्स हे आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर बाजारात आलं आणि आमचा धंदा बदलला, पण आधी उगम शोधायचा हा क्रम बदलला नाही.

पुढे नाटकांची जुनी रेकॉर्डिंग्ज आली, मग माहितीपट. आज बहुतेक काम सिनेमा आणि मालिकांच्या संवादांचं आहे: मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायला, जाण्याआधी आवाज साफ करून द्यायचा. सगळं सांगायला बसले तर लांबेल, म्हणून एकच काम सविस्तर सांगते. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांनाही आम्ही तेच ऐकवतो.

एका मराठी चित्रपटातला आजी आणि नातवाचा प्रसंग होता. आजी सातारा जिल्ह्यातल्या, जिथं शूटिंग झालं त्याच गावातल्या, आयुष्यात कधी कॅमेऱ्यापुढे न गेलेल्या. त्यांना पुण्यात आणून डबिंग करायचं दिग्दर्शकानं ठरवून पाहिलं. पण पडद्यावरच्या ओठांशी शब्द जुळवायचे म्हटलं की त्यांचं बोलणं पाठ केल्यासारखं व्हायचं. म्हणजे जागेवर रेकॉर्ड केलेला आवाजच वापरावा लागणार होता, आणि त्यात हम म्हणजे सलग गुणगुण, हिस आणि खोलीचा घुमारा, तिन्ही होते.

पहिला दिवस आम्ही फक्त ऐकण्यात आणि स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र, बघण्यात घालवला. आजींचा आवाज लांब काठीला लावलेल्या बूम माइकवर होता, नातवाचा त्याच्या शर्टात लपवलेल्या छोट्या माइकवर. हम फक्त बूमच्या ट्रॅकवर होता. भाऊजी लगेच म्हणाले, 'वहिनी, हे खोलीतल्या फ्रिजचं नाही. फ्रिज असता तर पोराच्या माइकवरही थोडा तरी आला असता. ही केबलची भानगड आहे.' बूमची केबल दिव्यांच्या केबलला चिकटून गेली असणार आणि तिचं शील्ड, म्हणजे बाहेरची गुणगुण अडवणारं आवरण, कुठंतरी सुटलेलं असणार, असा त्यांचा अंदाज. ही खात्री कामाची असते. विजेतून आलेल्या हमच्या रेषा स्पेक्ट्रोग्रामवर बारीक आणि सरळ आडव्या दिसतात, 50 हर्ट्झ आणि त्याच्या पटीत: 100, 150, 200 आणि वर चढत. त्या एकेक करून उचलता येतात. पंख्याचा किंवा फ्रिजचा आवाज जाड आणि पसरट असतो, त्याला वेगळा इलाज.

पण या प्रसंगाच्या उत्तरार्धात रेषा सरळ नव्हत्या. मधेच वीज गेली होती आणि पुढचं शूटिंग जनरेटरवर झालं होतं. महावितरणची वीज 50 हर्ट्झच्या अगदी आसपास राहते. छोटा जनरेटर मात्र लोड पडला की मंदावतो. आमच्या ट्रॅकवर तो काही ठिकाणी 49.3 पर्यंत खाली आला होता. आता 50 आणि 49.3 मध्ये फरक तो किती? पण सहाव्या पटीत तोच फरक 4 हर्ट्झच्या वर जातो. 300 वर लावलेला अरुंद नॉच फिल्टर, म्हणजे एकच बारीक पट्टी कापणारा फिल्टर, 295.8 वरच्या हमला स्पर्शही करत नाही, उलट आवाजाचा एक तुकडा फुकट कापतो. फिल्टर रुंद केला तर आवाज आणखी कापला जातो. म्हणून आम्ही जनरेटरवरचा भाग लहान तुकड्यांत तोडला, प्रत्येक तुकड्यातल्या शांत जागेवरून मूळ फ्रिक्वेन्सी वाचली आणि तिथं तेवढीच दिली.

किती खोल कापायचं हा त्याहून नाजूक प्रश्न होता. आजींचा आवाज साधारण 200 हर्ट्झच्या आजूबाजूला फिरत होता आणि हमची चौथी पट नेमकी तिथंच. 50 आणि 100 वर आजींचं काहीच नव्हतं, तिथं हात आखडता घ्यायचं कारण नव्हतं. 200 वर मात्र आम्ही 6 ते 8 डेसिबलवर थांबलो. त्याहून खोल गेलं की बोलता बोलता सूर 200 वरून जाताना आवाजातला पोत क्षणभर नाहीसा व्हायचा, जणू आजी बोलताना मान वळवताहेत. थोडा हम राहू दिला. आजी बोलत असताना तो ऐकू येत नव्हता. फक्त विरामांत यायचा, आणि विरामांची सोय पुढे करायची होतीच.

हम आधी आणि हिस नंतर, हा क्रम आम्ही बदलत नाही. हिस काढणारं सॉफ्टवेअर शांत जागेतून गोंगाटाचा नमुना घेतं आणि प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर तेवढी पातळी खाली आणतं. नमुन्यात हमचे सुळके शिल्लक असतील तर ते त्या पट्ट्यांत उगाच जास्त कापतं. आजी हळू बोलतात म्हणून रेकॉर्डिस्टनं गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी, चढवला होता, आणि शॉटगणिक वेगवेगळा. त्यामुळे सगळ्या प्रसंगाला एक नमुना चालणार नव्हता. प्रत्येक शॉटमधून त्याचा स्वतःचा, कोणी श्वासही न घेतलेला सेकंद-दीड सेकंद शोधावा लागला.

इथं मराठीपुरतं एक सांगायला हवं. इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये 'स' आणि 'श' जपा असं सांगतात, ते खरंच आहे. पण आपल्याकडे त्याहून आधी मरतात ते महाप्राण. 'भ'मधला, 'ख'मधला, 'थ'मधला श्वास म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी हिसच. आजींचं एक वाक्य होतं, 'भात खाल्लास का?' हिस 12 डेसिबलनं खाली नेला तेव्हा त्याचं 'बात काल्लास का' झालं. कान सरावलेला असला की हे लक्षात येत नाही, कारण आपल्याला वाक्य आधीच ठाऊक असतं. म्हणून आमच्याकडे नियम आहे: साफ केलेला तुकडा, ज्यानं संवाद वाचलेलाच नाही अशा माणसाला ऐकवायचा. त्या दिवशी चहा घेऊन आलेल्या पोराला ऐकवला आणि त्यानं विचारलं, 'काय बात?'

दुसरी परीक्षा अधिक पक्की. जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये फक्त काढलेला कचरा ऐकायची सोय असते. तो ऐकायचा. त्यात नुसती सळसळ असेल तर ठीक. त्यात शब्द ओळखू येत असतील तर आपण आवाज कापतोय. शेवटी आम्ही 5-6 डेसिबलवर आलो. अति झालं की उरलेल्या गोंगाटात पाण्याच्या बुडबुड्यांसारखी टुणटुण येते, ती मूळ हिसपेक्षा जास्त खुपते. हिसकडे प्रेक्षकाचं दुर्लक्ष होतं, टुणटुणीकडे होत नाही.

घुमारा सगळ्यात शेवटी, कारण त्याची शेपटी हिसमध्ये बुडालेली असते. हिस कमी झाल्याशिवाय ती कुठं संपते ते सॉफ्टवेअरला कळत नाही. घर जुनं असलं तरी खोलीला नवी फरशी बसवलेली होती आणि शूटिंगसाठी सामान बाहेर काढलेलं. शेपटी छाटता येते. पण शब्द सुटल्यावर काही मिलिसेकंदांत फरशीवरून परत येणारा पहिला पडसाद आवाजात मिसळून गेलेला असतो, त्यानं आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, आणि तो पुरता वेगळा काढणं आमच्या हातात नाही. निर्मात्याला हे आम्ही आधीच सांगतो. शूटिंगच्या दिवशी फरशीवर दोन सतरंज्या टाकल्या असत्या तर आमच्या बिलातला बराच भाग वाचला असता.

म्हणून आजींचा आवाज कोरडा करण्यामागे आम्ही लागलो नाही. नातवाचा माइक छातीशी, त्यामुळे त्याचा आवाज कोरडाच होता. दोघं एका खोलीत वाटायला हवे होते. आजींचा घुमारा 3-4 डेसिबलनं खाली आणला आणि मिक्सिंग इंजिनियरला लिहून दिलं की नातवाच्या आवाजाला थोडा खोलीचा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, द्या. अंतर दोन्ही बाजूंनी मिटवलं की कुठल्याच आवाजाला फार खेचावं लागत नाही.

उरले विराम. साफ केलेल्या वाक्यांच्या मधे रेकॉर्डिंग अचानक मेल्यासारखं होतं आणि कटवर कट कळतो. त्यावर रूम टोनचा, म्हणजे कोणी बोलत नसताना खोलीचा जो आवाज असतो त्याचा, अखंड थर घातला की सांधे झाकले जातात. रेकॉर्डिस्टनं त्याच खोलीतला अर्ध्या मिनिटाचा टोन घेऊन ठेवला होता, तो या कामी आला. त्याच थरात उरलेला हमही लपला. मग आम्ही तात्पुरता कॉम्प्रेसर लावून सगळं पुन्हा ऐकलं. मिक्समध्ये संवादावर कॉम्प्रेसर लागणारच, आणि तो मोठे आवाज दाबून बारीक आवाज वर उचलतो. एडिटला स्वच्छ वाटलेल्या दोन जागा तिथं उघड्या पडल्या, त्या परत केल्या.

फाइल देताना साफ केलेल्या ट्रॅकच्या खाली मूळ ट्रॅक म्यूट करून, नेमका त्याच जागी ठेवतो. थिएटरच्या स्पीकरवर एखादा शब्द बोथट वाटला तर मिक्सिंग इंजिनियर तेवढ्यापुरता मूळ आवाज वर घेऊ शकतो. या प्रसंगात त्यांनी दोन शब्दांना तसं केलं, त्यातला एक 'भात'.

आता धंद्याचं. मिनिटावर दर लावणं आम्ही सोडून दिलं, कारण एक मिनिट कधी चहा होईस्तोवर होतं तर कधी दुपार खातं. आधी दोन मिनिटांचा नमुना मागवतो, तो साफ करून दाखवतो आणि मगच आकडा सांगतो. एडिटरला आमच्या तीनच अटी असतात. 48 किलोहर्ट्झची मूळ वेव्ह फाइल द्या, एमपी3 नको. प्रत्येक क्लिपच्या दोन्ही टोकांना दोन-दोन सेकंद जास्तीचे ठेवा, नमुना बहुधा तिथंच सापडतो. आणि कृपा करून तुम्ही आधी काही साफ करू नका. एकदा कापलेला महाप्राण आम्हाला परत चिकटवता येत नाही, आणि अशी कामं आम्ही परत पाठवतो.

दुकानाच्या पुढच्या भागात सासऱ्यांचे दोन डेक अजून चालू आहेत. कॅसेटी येतात, महिन्यातून एखाद-दुसरी. त्यांचा दर मात्र अजून कॅसेटवरच आहे.