वीडी चेकने उघडलेलं दार

कृषी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत माझ्या खोलीबाहेर एमएस्सीच्या मुलांची रांग असते. थिसिस जमा करायची तारीख जवळ आलेली असते आणि प्रत्येकाला एकच हवं असतं: तक्त्यावर नजर टाकून सही. त्या दिवशी आलेली मुलगी ॲग्रोनॉमीची होती. विषय सोयाबीनमधलं तणनियंत्रण, दहा ट्रीटमेंट, चार रेप्लिकेशन, एकूण चाळीस प्लॉट. तिनं फाइल पुढे केली. "मॅडम, एफ सिग्निफिकंट आलाय. सी.डी. पण काढलाय. फक्त बघून द्या."

आकडेमोड चोख होती. एररचा मीन स्क्वेअर 4.00, डिग्री ऑफ फ्रीडम 27, ट्रीटमेंटचा एफ, म्हणजे ट्रीटमेंटमधला फरक एररच्या किती पट आहे ते, 9.50. तक्त्यातला एफ 2.25 असतो, म्हणजे निकाल दणदणीत. पाच टक्क्यांचा सी.डी., म्हणजे क्रिटिकल डिफरन्स, दोन सरासऱ्यांत ज्याहून जास्त अंतर असेल तरच फरक सिग्निफिकंट मानायचा तो आकडा, 2.90 क्विंटल. नऊ ट्रीटमेंटचं उत्पादन हेक्टरी 18.6 ते 22.1 क्विंटलच्या दरम्यान होतं. दहावी टी-10, म्हणजे वीडी चेक, तण तसंच राहू दिलेला प्लॉट. तिथं फक्त 11.2. सोयाबीनमधलं तण काढलंच नाही तर उत्पादन निम्म्यावर येतं, यात नवल काहीच नाही.

मला खटकलं ते खालचं वाक्य. टी-7 म्हणजे तणनाशक आणि त्यानंतर एक कोळपणी, उत्पादन 22.1. टी-8 म्हणजे तणनाशक न मारता नुसत्या दोन कोळपण्या, 18.6. फरक 3.5, सी.डी.पेक्षा जास्त. म्हणून शिफारशीत लिहिलं होतं की टी-7 ही टी-8 पेक्षा लक्षणीय सरस आहे. तसंच टी-3 ही टी-8 पेक्षा, आणि टी-7 ही टी-5 पेक्षा. ही ओळ उद्या विस्तार विभागाच्या घडीपत्रिकेत जाते, आणि कोळपणीवर भागवणारा शेतकरी ती वाचून तणनाशकाचा डबा विकत आणतो. त्यामुळे मी सही केली नाही.

"एफ कशामुळे मोठा आलाय गं?" मी विचारलं.

"ट्रीटमेंटमध्ये फरक आहे म्हणून."

"कुठल्या?"

ती गप्प झाली. मी ट्रीटमेंटच्या सम ऑफ स्क्वेअर्सचे दोन भाग करायला सांगितले: वीडी चेक विरुद्ध बाकीच्या नऊ, आणि त्या नऊंच्या आपापसातला. एकूण 341.9 होते. त्यातले 297.4 एकट्या वीडी चेकने खाल्ले होते. उरलेल्या 44.5 ला 8 ने भागलं, मग 4.00 ने भागलं. एफ आला 1.39. तक्त्यात 2.31 लागतो. म्हणजे नऊ ट्रीटमेंटमध्ये फरक आहे असं म्हणायला ॲनोव्हाकडून काहीच आधार मिळत नव्हता.

आपल्याकडे सगळे शिकतात ते फिशर यांचं साधं पथ्य: एफ सिग्निफिकंट असेल तरच सी.डी. वापरा. पथ्य चांगलं आहे, पण ते कुठवर राखण करतं हे फारसं कुणी सांगत नाही. सगळ्या ट्रीटमेंट खरोखर सारख्या असतील तर एफ तुम्हाला दारातच अडवतो, शंभरातल्या पंच्याण्णव वेळा. पण एक ट्रीटमेंट उघडउघड वेगळी असली की एफ सिग्निफिकंट येणारच. दार त्या एकीमुळे उघडतं आणि आत सगळ्याच जोड्या शिरतात. तीनच ट्रीटमेंट असतील तर हे चालतं, कारण एक वेगळी निघाली की दोनांची एकच जोडी उरते. इथं नऊ उरल्या होत्या. नऊंच्या जोड्या 36.

"छत्तीस जोड्या तू तपासल्यास. प्रत्येक वेळी चुकून फरक दिसण्याची शक्यता पाच टक्के. सगळ्या सारख्या असत्या तरी सरासरी किती जोड्या सिग्निफिकंट दिसल्या असत्या?"

तिनं गुणाकार केला. "1.8."

"आणि तुला मिळाल्या तीन."

तिला पटलं नाही, आणि मला ते आवडलं. ती म्हणाली, "पण मॅडम, मी कुठं छत्तीस टेस्ट केल्या? मी फक्त सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची पाहिली." इथेच बहुतेकांची गफलत होते. कागदावर एकच वजाबाकी केली, पण कोणती करायची हे आकडे बघून ठरवलं. सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान सरासरी निवडली की उरलेल्या पस्तीस जोड्या डोळ्यांनी तपासून झालेल्याच असतात. सी.डी. हा आधी ठरलेल्या एका जोडीसाठी बेतलेला आकडा आहे. दोन टोकांच्या सरासऱ्यांमधलं अंतर अशा एका जोडीच्या अंतराहून स्वभावतःच मोठं असतं.

सांगून पटेना, म्हणून तिच्याच आकड्यांवर खेळ मांडला. वीडी चेकचे चार प्लॉट बाजूला ठेवले. उरलेल्या छत्तीस प्लॉटचं उत्पादन छत्तीस चिठ्ठ्यांवर लिहिलं आणि प्रत्येक ब्लॉकच्या, म्हणजे एकेका रेप्लिकेशनच्या, नऊ चिठ्ठ्या वेगळ्या वाटीत टाकल्या. कँटीनमधून आणलेल्या चार स्टीलच्या वाट्या होत्या. प्रत्येक वाटीतून एकेक चिठ्ठी काढायची, पहिली टी-1 ला, दुसरी टी-2 ला, असं करत नऊही वाटून टाकायच्या. आता ट्रीटमेंटचं नाव आणि प्लॉटचं उत्पादन यांचा काही संबंध उरला नाही. जो फरक दिसेल तो निव्वळ चिठ्ठ्यांचा. मग नऊ सरासऱ्या काढायच्या आणि 2.90 पेक्षा मोठी जोडी सापडते का बघायचं. (काटेकोरपणे प्रत्येक वाटपाला एरर नव्याने काढायला हवा, पण तेवढ्याने चित्र बदलत नाही.)

पहिल्याच वाटपात टी-2 आणि टी-9 मध्ये 3.3 चा फरक आला. ती हसली. दुसऱ्यात काही नाही. तिसऱ्यात दोन जोड्या. चौथ्यापासून ती हसायची थांबली आणि कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेऊन स्वतः बेरजा करू लागली. दहा वाटपं झाली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. सहांत निदान एक जोडी "सिग्निफिकंट" होती, आणि प्रत्येक वेळी विजेती ट्रीटमेंट वेगळी.

दहा वेळा म्हणजे काही पुरावा नव्हे, म्हणून आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर उघडून एक ओळ टाकली:

```r
1 - ptukey(qt(0.975, 27) * sqrt(2), nmeans = 9, df = 27)
```

नऊ सारख्याच ट्रीटमेंट असतील तर टोकांमधलं अंतर सी.डी.च्या पुढे जाण्याची ही शक्यता. उत्तर जवळपास अर्धं येतं. मुलांच्या नोट्समध्ये याजागी 1 − 0.95³⁶ असं सूत्र असतं आणि त्यातून 84 टक्के निघतात. ते सूत्र छत्तीस तपासण्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरतं. इथं तसं नाही: टी-7 ची सरासरी नशिबानं वर गेली तर तिच्या आठही जोड्या एकदम फुगतात. म्हणून खरा आकडा 84 पेक्षा कमी, पण पाचाच्या दहापट.

मग जोड्यांसाठी ट्यूकी यांचा निकष लावला. तो मुळातच टोकांमधल्या अंतरासाठी बनवलेला आहे, त्यामुळे कुठलीही जोडी आकडे बघून निवडली तरी एकंदर चूक पाच टक्क्यांतच राहते. दहा ट्रीटमेंट आणि 27 डिग्री ऑफ फ्रीडमला फरक लागतो 4.86. वीडी चेकपेक्षा नऊही ट्रीटमेंट सरस, हे टिकलं. तिथला सर्वांत लहान फरकही 7.4 होता. नऊंच्या आपापसातली मात्र एकही जोडी टिकली नाही.

तिचा चेहरा उतरला. दोन खरिपांचं काम, आणि हाती काय लागलं, तर तण काढावं. मला वाईट वाटलं, कारण तिनं चूक अशी काही केलीच नव्हती. तिला शिकवलं तसं तिनं केलं होतं, आणि असे तक्ते पूर्वी मीही पास केले आहेत. मी म्हटलं, "तुझी सिनॉप्सिस आण. सही झालेली, पेरणीच्या आधीची."

ती हॉस्टेलवर जाऊन घेऊन आली. दुसऱ्या पानावर उद्दिष्ट क्रमांक दोन: तणनाशकानंतर एक कोळपणी दिल्याने उत्पादनात वाढ होते का, हे तपासणे. तीन तणनाशकं नुसती, म्हणजे टी-2, टी-4 आणि टी-5. तीच तीन कोळपणीसह, म्हणजे टी-3, टी-6 आणि टी-7. हा प्रश्न बी जमिनीत पडायच्या आधीचा होता, एकच होता, आणि त्याला उत्तर देताना एका बाजूला बारा प्लॉट, दुसऱ्या बाजूला बारा प्लॉट मिळत होते. सरासऱ्या 19.60 आणि 21.47. फरक 1.87. बारा-बारा प्लॉटसाठी लागणारा फरक 1.68. टिकला!

त्या क्षणी ती खुर्चीतून उठलीच. 3.5 चा फरक पडला आणि 1.87 चा उभा राहिला, हे तिला दोनदा समजावून सांगावं लागलं. पहिला छत्तिसातून उचललेला होता आणि चार-चार प्लॉटवर उभा होता. दुसरा एकटा होता, आधी लिहिलेला होता, आणि त्याला तिप्पट प्लॉटचा आधार होता. हीच तुलना तक्ता बघून सुचली असती तर मी शेफे यांच्या निकषानं 3.67 चा फरक मागितला असता आणि तीही पडली असती. म्हणून तर पेरणीपूर्वीच्या सहीचा कागद पाहायचा हट्ट धरला होता.

संध्याकाळी तिचे गाइड आले. ते जरा नाराजच होते. "मॅडम, ट्यूकी फार कडक आहे हो. 3.5 क्विंटल म्हणजे शेतकऱ्याला थोडे नाहीत. खरा फरकही मारला जाईल." त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि मी ते मान्य केलं. 4.86 म्हणजे सरासरी उत्पादनाचा जवळपास चौथा हिस्सा. त्याहून लहान खरा फरक चार रेप्लिकेशनमध्ये बहुतेक वेळा निसटणारच. टी-7 आणि टी-8 सारख्याच आहेत असं मी कुठंच लिहू दिलं नाही. फरक सिद्ध झाला नाही, एवढंच लिहिलं.

"मग त्या दोघींचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"येत्या खरिपात दोघीच लावा, सर. आठ रेप्लिकेशन घ्या. एरर असाच राहिला तर 2.37 चा फरक पुरेल, आणि जोडी एकच असेल."

ते थोडा वेळ तक्त्याकडे बघत बसले. मग खिशातून पेन काढून त्यांनी शिफारशीतली ती ओळ स्वतःच खोडली आणि समासात लिहिलं: तणनाशक + एक कोळपणी, नियोजित तुलना, 12 विरुद्ध 12. मुलीने टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा केल्या, ब्लॉकप्रमाणे चार पाकिटांत भरल्या आणि वाट्या परत करायला कँटीनकडे गेली.