टिटवीचा टीव्ही का होत होता ते सापडलं, पण चिमणीने नवा घोळ घातला

मागच्या अपडेटमधे लिहिलं होतं की पक्ष्यांच्या नोंदींचा आवाजी सर्च रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर चालू झालाय, २१२ नावं टाकलीत, खंड्या आणि भारद्वाज पहिल्या फटक्यात सापडतात, फक्त टिटवी म्हटलं की स्क्रीनवर टीव्ही येतो. तीन आठवडे त्या एका शब्दामागे गेले. परवा रात्री कारण हाती लागलं तेव्हा खुर्चीतून उठून आईला जाऊन सांगितलं, ती म्हणाली अरे अकरा वाजले, पण ऐकून तीही खूश झाली.

आधी मी बोललेलं ऐकून लिहून देणाऱ्या मॉडेललाच दोष देत होतो, आणि तो थोडा आहेच. मॉडेल नुसतं ऐकत नाही, अंदाजही बांधतं: हा आवाज या शब्दाचा असेल का, आणि हा शब्द लोक मुळात किती बोलतात, दोन्ही मिळून निकाल. टीव्ही त्याने हजारो वेळा ऐकलाय, टिटवी क्वचित, त्यामुळे आवाज जरा कच्चा आला की झुकतं माप टीव्हीला. वंचकाचा वाचक आणि तांबटचा तांबडा होतो तोही याचमुळे. पण हे कारण धरलं तर चीरक आणि नाचण पण तेवढेच बिघडायला हवे होते, ते निम्म्या वेळा तरी बरोबर यायचे, टिटवी मात्र २० पैकी १७ वेळा टीव्ही. म्हणजे आवाजच कच्चा जात होता.

मग तेच केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं, मॉडेलला जाणारी वेव्ह फाइल सेव्ह करून ऑडॅसिटी या आवाज तपासायच्या प्रोग्राममधे उघडली. रेघ शांततेपासून सुरू व्हायला हवी ना, ती थेट उंच लाटेच्या मधोमध सुरू होत होती. हेडफोन लावून ऐकलं तर ऐकू आलं "ट्वी". पहिली टि गायब! मॉडेलने जे ऐकलं तेच लिहिलं, "ट्वी" ऐकून कुणीही टीव्हीच लिहील.

गायब का, तर व्हीएडी, म्हणजे बोलणं सुरू झालं का हे बघणारा पहारेकरी. माझ्याकडे तो आवाजाचे ३० मिलिसेकंदांचे तुकडे तपासतो, आणि पंख्याच्या आवाजाने उघडू नये म्हणून मीच सेटिंग ठेवलं होतं की सलग ६ तुकड्यांत बोलणं दिसलं तरच रेकॉर्डिंग सुरू. म्हणजे १८० मिलिसेकंद गेले. त्यात ट हा स्फोटाचा वर्ण, जीभ टाळूला लागते तेव्हा शांतता आणि मग एक छोटासा फटका, पुढे ऱ्हस्व इ, सगळी टि तेवढ्यातच संपते. भारद्वाजचं अर्धं भा गेलं तरी मागे एवढा लांब शब्द उरतो की मॉडेल सावरून घेतं, टिटवीत उरायला काही नाही.

उपाय छोटा आहे, मागचा अर्धा सेकंद कायम जवळ ठेवायचा आणि पहारेकरी उघडला की तो रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला जोडायचा, त्यासाठीची जागा अशी:

```python
from collections import deque
pre = deque(maxlen=17)   # 17 x 30 ms
```

यानंतर २० पैकी १३ वेळा टिटवी, अगदी टि-कारासकट! उरलेल्यांत तितवी, टीटवी, आणि दोनदा टीव्ही. ते १३ मी परत परत ऐकले.

ज्यांनी ब्लूटूथ इयरफोन वापरू का विचारलं होतं त्यांना, नको. माइक चालू झाला की बरेच ब्लूटूथ सेट फोनकॉलच्या मोडमधे जातात, जुन्यांत ८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं आणि स-श यांच्यातला फरक बराचसा तिथेच असतो. तपकीर गल्लीतून आणलेला साधा वायरवाला कॉलर माइक याहून कितीतरी चांगला चाललाय.

आता उरलेल्या चुका सावरायच्या कशा. मॉडेलकडून एकच उत्तर घ्यायचं बंद केलं, पहिली पाच घेतो. वंचकसाठी पहिलं वाचक, दुसरं मंचक, तिसरं वंचक आलं होतं, आणि यातलं यादीत एकच आहे, संपला प्रश्न. स्पेस काढून तुलना केली तर "हळद या" चा हळद्याही मिळाला. आणि शेपट्या आधी तोडा, कारण आपण दयाळ म्हणत नाही, "दयाळाच्या नोंदी दाखव" म्हणतो, तो सामान्यरूपाचा आ काढल्याशिवाय काहीच जुळत नाही.

पाचातही नसेल तर उच्चाराने जुळवणी. सारख्या उच्चाराची नावं जुळवणाऱ्या साउंडेक्सचं पेटंट १९१८ चं, इंग्रजी आडनावांसाठी, आपल्याला त्याचा उपयोग नाही, म्हणून स्वतःचं कोष्टक केलं: ळ आणि ल एक, ण आणि न एक, ऱ्हस्व-दीर्घ एक, महाप्राण काढून टाकायचा, व्ह म्हणजे व. मग टीव्ही होतो ट-इ-व-इ आणि टिटवी ट-इ-ट-व-इ, फक्त एक ट कमी, पाचात एक म्हणजे अंतर ०.२. यादीतलाच धोबी होतो द-ओ-ब-इ, टीव्हीशी ताडला तर ट-द आणि ब-व जवळचे म्हणून ०.४ प्रत्येकी आणि स्वराचा पूर्ण १, एकूण १.८, भागिले चार ०.४५. टिटवी आरामात जिंकते.

मी खूश, आणि काल भाचा आला. त्याने स्वच्छ आवाजात विचारलं "चिमणी", मॉडेलने अचूक चिमणी लिहिलं, आणि माझ्या जुळवणीने त्याची शिंपी करून टाकली! चिमणीची नोंद मी कधी केलीच नाही, त्यामुळे यादीत नाव नाही, आणि कोड म्हणतो सगळ्यात जवळचं दे. श-इ-म-प-इ आणि च-इ-म-न-इ, पाचात दोन, ०.४. चुकीचं ऐकलेलं सावरता सावरता बरोबर ऐकलेलं बिघडवलं, आणि तेही न सांगता, याचं मला खरंच वाईट वाटलं कारण पोराला वाटलं त्याचंच बोलणं चुकलं. तो मग मोठ्याने चि-म-णी असं तोडून म्हणायला लागला, त्याने आणखी बिघडतं, मॉडेल सलग बोलण्यावर शिकलेलं असतं, तोडून बोललेल्यावर नाही.

त्यामुळे आता ०.३५ च्या वर अंतर गेलं तर बदल नाही, सरळ "चिमणी यादीत नाही" असं दाखवायचं. पहिल्या आणि दुसऱ्या नावात ०.१ चाही फरक नसेल तर दोन्ही दाखवायची. आणि दहा सेकंदांत कुणी तसाच शब्द परत म्हणाला तर पहिलं उत्तर चुकलं होतं असं धरून ते बाद करायचं, आत्तापर्यंत तेच चुकीचं उत्तर चार चारदा यायचं.

शंका असेल तेव्हा नाव विचारण्याऐवजी त्या पक्ष्याची हाकच वाजवली तर? रेकॉर्डिंग्ज आहेतच माझ्याकडे. फक्त घरात किंवा हेडफोनवर, विणीच्या काळात रानात हाक वाजवून पक्ष्यांना त्रास देणं मला मान्य नाही.

आणि हे टाइप करताना लक्षात येतंय की मॉडेलला मोकळं लिहू देऊन मग दुरुस्त करत बसण्यापेक्षा उलटं विचारता येईल, हा आवाज आणि ही माझी नावं, प्रत्येक नाव या आवाजाशी किती जुळतं ते गुण दे. नावं २१२च आहेत, पायवर वेळ लागेल पण अशक्य नाही. यादीबाहेरची चिमणी ओळखायला मोकळं उत्तरही सोबत गुणांत धरावं लागेल, नाहीतर परत शिंपी. म्हणजे उच्चाराचं कोष्टक कदाचित फक्त शेवटच्या फळीसाठी राहील. शनिवारी टिटवी, वंचक, तांबट आणि यादीत नसलेली चिमणी, चौघांवर हेच करून बघतो, भाच्याच्या आवाजात.